इन्कम टॅक्स चुकीच्या वर्षात किंवा चुकीच्या प्रकारात भरला गेलाय? मग चलन असं दुरुस्त करा

टॅक्स भरला, खात्यातून पैसे गेले, पावतीही डाउनलोड झाली, आणि रिटर्न भरायला बसलात तर पोर्टल म्हणतंय अजून तेवढेच पैसे बाकी आहेत. अशा वेळी लोकांना वाटतं बँकेने घोळ केला किंवा साइट डाउन आहे, म्हणून ते दोन आठवडे वाट बघतात, आणि नेमकं तेच करायचं नसतं. पैसे बहुतेक वेळा सरकारकडे व्यवस्थित पोचलेले असतात, फक्त तुमच्या नावावर ते वेगळ्या वर्षात जमा होऊन पडलेले असतात. वर्ष दुरुस्त करायची सोय आता पोर्टलवर आहे, पण त्यासाठी चलन भरल्यापासून फक्त 7 दिवस मिळतात. म्हणून आधी हे वाचा आणि आजच बघून घ्या.

हा लेख फक्त स्वतः भरलेल्या इन्कम टॅक्सच्या चलनाबद्दल आहे, म्हणजे ॲडव्हान्स टॅक्स, सेल्फ असेसमेंट टॅक्स आणि डिमांड आल्यावर भरलेला टॅक्स. कंपनीने कापलेला टीडीएस किंवा घर घेताना भरलेला टीडीएस यांची दुरुस्ती वेगळ्या साइटवर वेगळ्या पद्धतीने होते, त्याची इथे सरमिसळ करत नाही.

आधी नक्की काय चुकलंय ते बघा

चलनात साधारण तीन गोष्टी चुकू शकतात. पहिली म्हणजे असेसमेंट इयर, ही सगळ्यात जास्त लोकांची होते. 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या काळात जे कमावलं ते आर्थिक वर्ष 2024-25, पण त्याचं असेसमेंट इयर 2025-26. पोर्टलवर e-Pay Tax मध्ये यादीतून वर्ष निवडताना माणसाच्या डोक्यात "24-25 चा टॅक्स भरायचाय" एवढंच असतं, यादीत 2024-25 दिसतं, क्लिक होतं आणि पैसे एक वर्ष मागे जातात. उलटही होतं, कुणी यादीतलं सगळ्यात वरचं वर्ष निवडतं आणि पैसे एक वर्ष पुढे जातात.

यात आता एक नवीन भर पडलीये. 1 एप्रिल 2026 पासून नवा इन्कम टॅक्स कायदा लागू आहे आणि त्यात असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलंय. म्हणजे 2025-26 मध्ये कमावलेल्या पैशांचं जुन्या पद्धतीने असेसमेंट इयर 2026-27, आणि 2026-27 मध्ये कमावणार त्याचं टॅक्स इयरसुद्धा 2026-27. आकडे तेच, कमाईची वर्षं मात्र वेगळी! त्यामुळे या संक्रमणाच्या काळात भरताना नुसता आकडा बघू नका, त्याच्या आधी असेसमेंट लिहिलंय की टॅक्स ते वाचा.

दुसरी गोष्ट पेमेंटचा प्रकार, याला मायनर हेड म्हणतात. 100 म्हणजे ॲडव्हान्स टॅक्स, 300 म्हणजे सेल्फ असेसमेंट, 400 म्हणजे डिपार्टमेंटने काढलेली डिमांड भरणं. आणि तिसरी मेजर हेड, 0021 म्हणजे कंपनी सोडून इतर सगळे, 0020 म्हणजे कंपन्या. नोकरदार किंवा फ्रीलान्सर माणसाचं मेजर हेड सहसा चुकत नाही, त्यामुळे ते सोडून देऊ.

तपासायचं असं. लॉगिन करून e-File मधून e-Pay Tax ला जा, तिथे Payment History मध्ये तुमचं चलन सापडेल, पावती डाउनलोड करा. त्यावर वर्ष, मेजर हेड, मायनर हेड छापलेलं असतं. त्याच पावतीवर बीएसआर कोड (7 आकडी), भरल्याची तारीख आणि चलनाचा सिरियल नंबर (5 आकडी) असतो. या तिघांना मिळून CIN म्हणतात आणि पुढे सगळीकडे हेच लागणार आहे, तर एका कागदावर लिहून ठेवा. CRN नावाचा अजून एक मोठा नंबर असतो, तो पैसे भरायच्या आधी चलन तयार करताना मिळालेला असतो, त्याची आणि CIN ची गल्लत करू नका.

मग पोर्टलवरचं AIS उघडा, स्वतः भरलेल्या टॅक्सची नोंद आता तिथे दिसते, 26AS मध्ये फक्त टीडीएस आणि टीसीएस दिसतो. पण फक्त बरोबर वर्षाचं उघडून "दिसत नाही" म्हणून थांबू नका, तुम्हाला ज्या वर्षावर संशय आहे त्या चुकीच्या वर्षाचंही उघडा. तिथे तुमची रक्कम दिसली की विषय क्लिअर झाला, पैसे हरवलेले नाहीत. दोन्हीकडे दिसत नसतील आणि कालच भरले असतील तर मात्र काही दिवस थांबा, AIS लगेच अपडेट होत नाही. पावती मात्र लगेच मिळते, म्हणून वर्ष चुकलंय का ते पावतीवरून त्याच दिवशी कळतं, AIS ची वाट बघण्यात तुमचे 7 दिवस घालवू नका.

दुरुस्ती लागतेच असं नाही

समजा वर्ष बरोबर आहे पण जुलैमध्ये 300 च्या जागी 100 निवडलं गेलं. रिटर्नमध्ये ॲडव्हान्स आणि सेल्फ असेसमेंट दोन्हीची चलनं एकाच तक्त्यात भरतात, बीएसआर कोड, तारीख, सिरियल नंबर आणि रक्कम, आणि 31 मार्चपर्यंतचं ते ॲडव्हान्स, नंतरचं ते सेल्फ असेसमेंट असं तारखेवरून धरलं जातं. त्यामुळे 100 आणि 300 ची अदलाबदल झाली तर माझ्या मते घाबरायचं कारण नाही, क्रेडिट सहसा मिळून जातं. तरी 30 दिवसांच्या आत असाल तर दुरुस्त करून टाका, फुकट आहे.

400 चं मात्र तसं नाही. डिमांड आली, आणि ती e-Pay Tax मध्ये जाऊन 300 खाली भरली, तर पैसे त्या वर्षात जमा होतात पण डिमांडला लागत नाहीत. डिमांड जशीच्या तशी उभी राहते, वर व्याज चढत राहतं, आणि पुढच्या वर्षीच्या रिफंडमधून ती वळती करून घेतली जाऊ शकते. मग माणूस म्हणतो मी तर भरलेत, दोनदा का घेतले. हे दुरुस्त केलंच पाहिजे.

आणि वर्ष एक वर्ष पुढचं निवडलं गेलं असेल तर एक शांतपणे विचार करायचा पर्याय आहे. रक्कम छोटी असेल, म्हणजे चारपाच हजार, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला टॅक्स भरावा लागणारच आहे, तर बरोबर वर्षात परत भरून मोकळं व्हा आणि आधीचं चलन पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ॲडव्हान्स टॅक्स म्हणून वापरा. ऑफिसच्या चकरा वाचतात. मागच्या वर्षात गेले असतील तर हे जमत नाही, कारण त्या वर्षाचं रिटर्न बहुधा प्रोसेस होऊन गेलेलं असतं आणि पैसे तिथे नुसते पडून राहतात.

7 दिवस आणि 30 दिवस

पोर्टलवरून दुरुस्ती करायची असेल तर वर्षासाठी चलन भरल्यापासून 7 दिवस, मायनर हेडसाठी 30 दिवस आणि मेजर हेडसाठीही 30 दिवस. मोजणी पैसे भरल्याच्या तारखेपासून, तुमच्या लक्षात आल्याच्या तारखेपासून नाही. चलन असेसमेंट इयर 2020-21 किंवा त्यानंतरचं हवं, मायनर हेड 100, 300 किंवा 400 पैकी हवं, आणि ते चलन कुठल्या रिटर्नमध्ये वापरलं जाऊन संपलेलं नको. अजून एक, एका चलनाची दुरुस्ती पोर्टलवरून एकदाच होते. दुसऱ्यांदा बदलायचं म्हणालात तर सरळ असेसिंग ऑफिसरकडे जावं लागतं. म्हणून घाईघाईत रिक्वेस्ट टाकून परत चुकीचंच वर्ष देऊ नका, आधी कागदावर लिहा की काय आहे आणि काय पाहिजे.

एक उदाहरण घेऊ

ठाण्यातली एक व्हिडिओ एडिटर आहे, फ्रीलान्स काम करते. 2024-25 चा हिशोब केला, क्लायंटनी कापलेला टीडीएस वजा जाऊन व्याजासकट 42,300 रुपये भरायचे निघाले. रिटर्नची मुदत त्या वर्षी 31 जुलैवरून 15 सप्टेंबर 2025 केली होती (शेवटी आणखी एक दिवस मिळाला), म्हणून ती निवांत होती. 8 सप्टेंबरला पैसे भरले, प्रकार 300 बरोबर निवडला, वर्ष मात्र 2024-25. 11 तारखेला रिटर्न भरायला बसली तेव्हा आधीच भरून येणाऱ्या माहितीत चलन नाही, पावती काढली तर वर्ष दिसलं. 8 पासून 7 दिवस म्हणजे 15 पर्यंत. चारच दिवस हातात, आणि रिटर्नचीही तीच तारीख.

तिने करायचं ते असं. लॉगिन करून वर Services मध्ये Challan Correction. नवीन रिक्वेस्ट तयार करायचा पर्याय निवडला की काय बदलायचंय ते विचारतात, वर्ष, लागू टॅक्स म्हणजे मेजर हेड, की पेमेंटचा प्रकार. तिने वर्ष निवडायचं. मग चलन शोधायचं, त्यासाठी वर्ष किंवा CIN टाकता येतो. इथे बरेच जण अडकतात, कारण ते बरोबर वर्ष 2025-26 टाकून शोधतात आणि चलन सापडत नाही म्हणतात. अहो, चलन त्या वर्षात नाहीच आहे, म्हणून तर आपण इथे आलोय ना. चलनावर सध्या छापलेलं चुकीचं वर्ष 2024-25 टाकायचं, किंवा सरळ CIN. मग चलनाची माहिती समोर येते, ती पावतीशी जुळवायची, रक्कम 42,300 आहे ना, तारीख 8 सप्टेंबर आहे ना, कारण एकाच वर्षात दोनतीन चलनं असतील तर भलतंच निवडलं जाऊ शकतं. त्यानंतर नवीन वर्ष 2025-26 निवडायचं, पुढे जायचं आणि ई-व्हेरिफाय करायचं, आधारच्या ओटीपीने किंवा बँकेच्या ईव्हीसीने. व्हेरिफाय केल्याशिवाय रिक्वेस्ट जात नाही. सगळं भरून ओटीपीच्या पानावर टॅब बंद करणारे लोक आहेत, त्यांना वाटतं झालं. शेवटी ट्रान्झॅक्शन आयडी येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. नंतर त्याच Challan Correction च्या पानावर रिक्वेस्ट मंजूर झाली की नाकारली गेली ते दिसतं, आणि मंजूर झाल्यावर AIS मध्ये पैसे नव्या वर्षात आले का हेही बघायचं, नुसत्या स्टेटसवर थांबायचं नाही.

आता तिचा खरा पेच. दुरुस्ती मंजूर व्हायच्या आधी रिटर्नची तारीख संपतेय, मग थांबायचं का? माझं मत, थांबू नका. उशिराच्या रिटर्नला 5,000 रुपये फी लागते (एकूण उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1,000), वर व्याज. रिटर्नमध्ये ते चलन त्याच्या खऱ्या बीएसआर कोड, तारीख आणि सिरियल नंबरसकट लिहा आणि वेळेत भरा, व्हेरिफाय करा. तुमचं रिटर्न प्रोसेस व्हायच्या आधी दुरुस्ती झाली तर क्रेडिट आपोआप जुळतं. नाही झाली तर डिमांडची नोटीस येईल, पण ती नंतर उतरवता येते, ते खाली सांगतो. घाबरून परत 42,300 भरायची तर अजिबात गरज नाही, निदान मागच्या वर्षात पैसे गेलेत अशा केसमध्ये तरी नाही.

व्याजाची काळजी वाटत असेल तर दुरुस्तीनंतरही चलनाची तारीख 8 सप्टेंबरच राहते, दुरुस्ती झाली तो दिवस धरत नाहीत. फक्त वर्षाचा रकाना बदलतो.

मुदत गेली असेल किंवा रिक्वेस्ट नाकारली असेल

मग तुमच्या असेसिंग ऑफिसरकडे अर्ज. एओ म्हणतात सगळे. तुमचा एओ कोण ते प्रोफाइलमध्ये Jurisdiction Details खाली दिसतं, किंवा लॉगिन न करता पोर्टलच्या पहिल्या पानावर Know Your AO मध्ये पॅन आणि मोबाइल नंबर टाकून. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, तुम्ही आता पुण्यात राहत असाल पण पॅन नागपूरला असताना काढलं असेल आणि नंतर काही बदललं नसेल, तर तुमचा एओ अजून नागपूरचाच असू शकतो. दुबई, अमेरिकेत असलेल्यांचं पॅन कधीकधी अजूनही गावाकडच्या वॉर्डातच असतं. शेजारच्या आयकर भवनात जाऊन अर्ज दिला आणि तो वॉर्ड तुमचा नाही निघाला तर वेळ फुकट.

अर्ज एक पानाचा पुरतो, इंग्रजीत द्या म्हणजे कामं पटकन होतात. वर नाव, पॅन, पत्ता, मोबाइल. विषयात चलन दुरुस्ती आणि असेसमेंट इयर. मग चलनाचा छोटा तक्ता, बीएसआर कोड, तारीख, सिरियल नंबर, रक्कम. त्याखाली दोन ओळी, सध्या काय नोंदलंय आणि काय पाहिजे, उदाहरणार्थ सध्या असेसमेंट इयर 2024-25, हवं 2025-26, मेजर हेड 0021 आणि मायनर हेड 300 तसंच ठेवावं. ही शेवटची बाब लिहाच, नाहीतर काय बदलायचं आणि काय नाही यावरून परत फोन येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, की चुकीच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये या चलनाचं क्रेडिट मी घेतलेलं नाही. एओला मुख्य भीती हीच असते की पैसे एका वर्षात वापरले गेलेत आणि दुसरीकडेही मागतायत. म्हणून पुरावा म्हणून चुकीच्या वर्षाचं रिटर्न आणि त्याची प्रोसेसिंगची इंटिमेशन जोडा, त्यात ते चलन नाही हे दिसतं. सोबत चलनाची पावती, दोन्ही वर्षांचं AIS, पॅनची झेरॉक्स, आणि डिमांड आली असेल तर तिची प्रत.

अर्ज आयकर सेवा केंद्राच्या खिडकीवर द्या आणि इनवर्डचा शिक्का आणि नंबर असलेली पोच घ्या. वरच्या मजल्यावर थेट टेबलावर ठेवून येऊ नका, शिक्का नसलेला अर्ज म्हणजे अर्जच नाही, नंतर "आमच्याकडे आलाच नाही" ऐकावं लागतं. महिनाभर काही हललं नाही तर पोर्टलवर Grievances मध्ये तक्रार टाका, इनवर्ड नंबर आणि तारीख लिहा, पोच जोडा. तक्रारीत राग काढू नका, चार ओळीत मुद्दा. माझा अनुभव असा की कागद पूर्ण असतील तर तक्रार गेल्यावर फाइल हलते, आणि कागद अर्धवट असतील तर तक्रारही "कागदपत्रं द्या" म्हणून बंद होते.

पूर्वी बँकेच्या काउंटरवर कागदी चलनाने भरलेल्यांना बँकेकडेच दुरुस्ती मागता यायची, वर्ष आणि पॅन 7 दिवसांत, हेड 3 महिन्यांत. नेट बँकिंग किंवा यूपीआयने भरलेल्याला बँक काही करू शकत नाही, तिथे जाऊन मॅनेजरशी वाद घालू नका.

डिमांड आधीच आलीये तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी चलन दुरुस्त होऊ द्या, AIS मध्ये पैसे बरोबर वर्षात दिसू द्या, मगच रिटर्न परत प्रोसेस करायला सांगा. लोक उलटं करतात, डिमांड आली की लगेच रेक्टिफिकेशन टाकतात, सिस्टिम परत तीच जुनी नोंद बघते आणि तीच डिमांड परत काढते.

तोपर्यंत Pending Actions मध्ये Response to Outstanding Demand ला जाऊन डिमांड मान्य नाही असं उत्तर द्या, कारणात चलनाचा तपशील आणि दुरुस्तीचा अर्ज केलाय ते लिहा, पोच जोडा. गप्प बसलात तर डिमांड मान्य असल्यासारखी पुढची वसुली सुरू होऊ शकते. चलन बरोबर वर्षात आलं की Services मध्ये Rectification, त्यात रिटर्न परत प्रोसेस करायचा म्हणजे Reprocess the return हा पर्याय, कारण तुमच्या रिटर्नमध्ये काही बदलायचं नसतं, फक्त क्रेडिट परत जुळवायचं असतं. रिटर्नमध्ये चलनाचा सिरियल नंबर किंवा तारीखच चुकीची टाकली असेल तर मात्र टॅक्स क्रेडिटवाला दुसरा पर्याय घ्या आणि तिथे बरोबर माहिती भरा.

डिमांडचे पैसे 300 खाली गेलेल्यांनी 30 दिवसांच्या आत असाल तर प्रकार 400 करून घ्या, नंतर असेल तर एओकडे अर्ज, त्यात डिमांडचा रेफरन्स नंबर लिहायला विसरू नका. आणि पुढच्या वेळी डिमांड भरताना e-Pay Tax मधून रिकामं चलन काढू नका, त्या Response to Outstanding Demand च्या पानावरच पैसे भरायचं बटण असतं, तिथून गेलात की वर्ष, प्रकार आणि डिमांड नंबर आपोआप भरून येतो, निवडायला काही उरतच नाही.

रेक्टिफिकेशनचा आदेश आला की फक्त शेवटची रक्कम शून्य आहे का एवढं बघून बंद करू नका. आत व्याजाचा रकाना असतो. डिमांड नोटीस मिळाल्यावर 30 दिवसांनंतर महिन्याला 1 टक्का व्याज लागतं आणि कधीकधी मूळ डिमांड उतरते पण ते व्याज दोनतीनशे रुपयांचं म्हणून मागे उरतं, मग वर्षभराने रिफंडमधून कापलं जातं आणि कशाचं ते आठवत नाही. तसं उरलेलं दिसलं तर त्याच पानावर परत मान्य नाही म्हणून उत्तर द्या, पैसे मूळ तारखेलाच भरले होते म्हणून चलन जोडा.